अठ्ठेचाळीसचा सुळका

पुण्याच्या कार्यशाळेला खरं तर आमचे सर जाणार होते. त्यांना ताप आला, भरलेली फी परत मिळेना, म्हणून मला पाठवलं. सांगलीत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत आमचं लेखापरीक्षणाचं ऑफिस. सर सनदी लेखापाल, आणि मी त्यांच्या हाताखाली वीस वर्षं बिलांवर हिरव्या पेनानं बरोबरच्या खुणा करत आलेली बाई. वीस वर्षांत मी किती लाख खुणा केल्या असतील कुणास ठाऊक, पण चोर म्हणून एकही सापडला नव्हता. सापडला होता तो एक जण, आणि त्यानं स्वतःहून कबुली दिली होती.

कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, म्हणजे निम्मा वर्ग पेंगत असताना, शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एक ते नऊ आकडे लिहिले आणि विचारलं, "कुठल्याही कंपनीची हजारो बिलं घ्या. रकमेचा पहिला अंक एक असलेली बिलं शंभरात किती निघतील?" सगळे म्हणाले, अकरा. नऊ अंक आहेत, सारखी वाटणी. बाई म्हणाल्या, "तीस." दोननं सुरू होणारी साडेसतरा, तीनची साडेबारा, असं उतरत उतरत नऊची शंभरात साडेचारच.

मला ते आधी पटेना. मग त्यांनी समजावलं. शंभराचे दोनशे व्हायला रक्कम दुप्पट व्हावी लागते, तोवर ती 'एक'च्या घरात मुक्काम करते. नऊशेचे हजार व्हायला मात्र नववा हिस्सा वाढला की पुरे. म्हणून एकच्या घरात गर्दी, नऊच्या घरात शुकशुकाट. ज्या रकमा शेकड्यांपासून लाखांपर्यंत पसरलेल्या असतात आणि ज्यांच्यावर कुणी हात फिरवलेला नसतो, त्यांची अशी उतरती पायरी आपोआप बनते. माणूस मनानं आकडे रचायला बसला की ही पायरी त्याला जमत नाही. तो सगळ्या अंकांना सारखा न्याय देतो. म्हणजे जगात न्याय दिसला की समजायचं, लबाडी आहे.

हे वाक्य माझं, बाईंचं नव्हे. बाईंनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "गंमत बघा, सगळ्या रकमा रुपयांतून डॉलरमध्ये बदलल्या तरी पायरी तशीच राहते." सगळ्यांनी वा म्हटलं. मीही म्हटलं, आणि वहीत त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग ओतणारा एक कारखाना आमच्याकडे होता. दर तीन महिन्यांनी मी सांगलीहून एसटीनं तिथं जायची, आठवडाभर राहायची. त्या खेपेला मी हिरवा पेन बॅगेतून काढलाच नाही. दोन वर्षांची सगळी बिलं संगणकातून काढून घेतली आणि पहिल्या अंकांचा तक्ता मांडला.

पायरी आली. एकचा खांब उंच, मग दोनचा, मग तीनचा. माझ्या अंगावर काटा आला. देवळात घंटा वाजवावी आणि आतून कुणीतरी ओ द्यावी, तसं काहीसं.

मग मी विभागवार तक्ते केले. सगळ्यांत सुरेख निघाला वाहतूक खात्याचा. माल वाहणारा कंत्राटदार एकच, बिलं अडीच हजारांवर, गावातल्या टेम्पोच्या चारशे रुपयांपासून चेन्नईच्या गाडीच्या ऐंशी हजारांपर्यंत. पुस्तकात छापावी अशी पायरी. आणि सगळ्यांत कुरूप निघाला देखभाल खात्याचा. तिथं चारचा खांब आजूबाजूच्या खांबांच्या डोक्यावरून निघून गेला होता. मी पहिले दोन अंक घेऊन पुन्हा बघितलं. अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास. या दोन जोड्या नियमानं शंभरात जेमतेम एकेक यायला हव्यात. इथं अठ्ठेचाळीसचा सुळकाच उभा होता. चार हजार आठशे, चार हजार आठशे पन्नास, चार हजार आठशे ऐंशी.

कारण शोधायला वेळ लागला नाही. पाच हजारांपर्यंतच्या बिलावर देखभाल खात्याचा प्रमुख स्वतः सही करू शकत होता. त्यावरच्या बिलाला पुण्याच्या मुख्य कचेरीची मंजुरी लागायची. म्हणजे कुणीतरी मुद्दाम कुंपणाच्या आतून चालत होतं.

देखभाल खात्याचे प्रमुख म्हणजे सुभेदार. फौजेच्या वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेले, गाव माणदेशातलं, घरात पिढीजात मेंढरं. कारखान्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. मालकसुद्धा सुभेदारच म्हणायचे. आजवर माझ्याशी त्यांचं बोलणं 'नमस्कार' आणि 'चहा घ्या' याच्यापुढे गेलेलं नव्हतं.

मी सरांना तक्ते कळवले, त्यांनी मालकांना, आणि बैठक ठरली. बैठकीला मालक, पुण्याहून आलेले हिशेबाचे मोठे साहेब, आमचे सर, वाहतूक खात्याचे साहेब आणि सुभेदार. सुभेदार त्या दिवशी पलटणीचा बिल्ला लावलेला कोट घालून आले होते. बैठक कशाची आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, सत्कार असेल. त्याच आठवड्यात त्यांच्या खात्यानं बंद पडलेली भट्टी एका दिवसात चालू केली होती.

मी पडद्यावर तक्ते दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा मालक माझ्याकडे, सरांकडे नव्हे, बघून बोलत होते. वाहतुकीचा तक्ता आला तेव्हा मी म्हणाले, "हे खातं कसं असावं याचा नमुना आहे. या आकड्यांना कुणी हात लावलेला नाही." वाहतूक साहेबांनी हात जोडले. गोड माणूस. मधल्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना कंदी पेढे वाटले, मला दोन दिले.

मग मी सुळका दाखवला.

पुण्याच्या साहेबांनी चष्मा काढला. मालक म्हणाले, "सुभेदार, हे काय?"

सुभेदारांनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेब, ह्यो कसला डोंगर हाय ते मला म्हायती न्हाई. पन मोटार चालू हाय का बंद, एवढं मला विचारा."

उत्तर म्हणून ते कुणालाच पुरेसं वाटलं नाही. संध्याकाळी त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली, आणि चौकशी होईपर्यंत सहीचा अधिकार काढून घेतला. परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारी बसले होते. कराड येईपर्यंत त्यांनी तीनदा सांगितलं की कार्यशाळेची फी वसूल झाली.

पुढच्या आठवड्यात चौकशीसाठी मीच परत गेले. तक्ता माझा, तेव्हा पुरावाही मीच गोळा करायचा होता. सुभेदार स्टोअरमध्ये स्टुलावर बसले होते, समोर एक लांबडी वही. मी विचारायच्या आधीच त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

"म्याडम, चोरी म्हंजी पैसा कुनाच्या तरी खिशात जातो. व्हय का न्हाई?"

"हो."

"मग पैसा कुनाच्या खिशात गेला ते दाखवा. मी हितंच बसलोय."

मी तारखेनुसार बिलं काढली. एका दिवशी एकाच दुकानदाराची दोन बिलं, प्रत्येकी चार हजार आठशे पन्नास. "हे?"

"मोटार जळली हुती, नवी तार गुंडाळून भरून आणली. नऊ हजार सातशे झालं. एका बिलात तारंचं, दुसऱ्यात मजुरीचं. मीच म्हनलो त्याला, दोन फाड."

"पण का?"

"पुन्याची सही याला आठ दिवस लागत्यात. आठ दिवस मोटार बंद म्हंजी पंखा बंद, पंखा बंद म्हंजी भट्टी बंद. ह्या डोंगरापेक्षा त्यो डोंगर लय मोठा झाला असता." त्यांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. "ही मोटार. नंबर हाय. चला, हात लावून बघा, गरम आसंल."

मी हात लावून बघितला. गरम होती. मग दिवसभर मी त्या सुळक्यातलं एकेक बिल घेऊन कारखान्यात हिंडले. पट्टे होते, पाईप होते, बेअरिंगं होती, सगळ्यांवर त्यांनी रंगानं नंबर टाकलेले. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मोटार भरणाऱ्याच्या दुकानात गेले, दुसऱ्या दोन दुकानांतही भाव विचारले. सुभेदारांनी मोजलेला भाव दोन्हींपेक्षा कमी होता.

नियम मोडला होता, दर वेळी, वहीत नोंद करून. पैसा एक रुपयाही गेला नव्हता. माझ्या तक्त्यानं जे दाखवलं ते अक्षरशः खरं होतं: इथं माणसानं रकमा घडवल्या आहेत. का घडवल्या, हे तक्त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

संध्याकाळी मी त्यांना तसं सांगितलं. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "अहवालात मी सगळं स्पष्ट लिहीन." बायका माफी मागायला लाजत नाहीत म्हणतात. लेखापरीक्षक बायकांचा त्यात समावेश नसावा.

सुभेदार म्हणाले, "ल्ह्या. पन गावाकडं भावाला कळलंय, सुभेदारानं पैसं खाल्लं म्हनून. त्याला काय तुमचा अव्हाल वाचाय येनार हाय व्हय?"

त्यांनीच चहा मागवला. चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्याडम, तुमची सवताची बिलं घातली का त्या यंत्रात? एसटीची, रिक्षाची?"

मी हसले. पण रात्रीपर्यंत धीर धरवला नाही. लॉजवर पोचताच चपला न काढता माझ्या दोन वर्षांच्या प्रवासखर्चाचा तक्ता केला. एसटीचं तिकीट ठरलेलं, लॉजचं भाडं ठरलेलं, जेवणाचा भत्ता ठरलेला. तीन खांब आकाशात आणि बाकीची जागा जवळपास मोकळी. त्या तक्त्याच्या हिशेबानं मी सांगली जिल्ह्यातली अट्टल दरोडेखोर होते. ठरलेल्या भाड्यांना आणि मूठभर बिलांना हा नियम लावायचाच नसतो, हे मला वर्गात शिकवलं होतं. ते वहीत होतं, पण त्याखाली रेघा नव्हत्या. आणि आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते: रिक्षाची एकूण एक रक्कम शून्यावर संपत होती. रिक्षावाला पावती देत नाही. पासष्ट दिले की मी सत्तर लिहायची, बहात्तर दिले की ऐंशी. माझ्या तक्त्यात खरी लबाडी होती ती एवढीच, आणि ती पहिल्या अंकात दिसत नव्हती. शेवटच्या अंकात होती.

दुसऱ्या दिवशी निघताना सुभेदार फाटकापर्यंत सोडायला आले. फाटकाशी वजनकाटा आहे. बाहेर जाणारी प्रत्येक गाडी त्यावर उभी राहते आणि रखवालदार रिकाम्या गाडीचं वजन वजा करून मालाची पावती फाईलला लावतो. एक गाडी काट्यावर उभी होती. सुभेदार तिच्याकडे बघत म्हणाले, "म्याडम, एक इचारू? सोळा टनाच्या गाडीत सव्वासतरा टन माल कसा बसतो?"

"म्हणजे?"

"परवा ह्या गाड्यांच्या कंत्राटदाराचं बिल कुनीतरी चुकून माझ्या टेबलावर ठेवलं हुतं. त्यावर सव्वासतरा हुतं. रखवालदार गाडीला तेवढं भरून फाटकाभाईर सोडनारच न्हाई, माझ्याच पलटनीचा हाय त्यो. मी फकस्त इचारतोय. तुमचा तक्ता काय म्हनतो?"

माझा तक्ता म्हणत होता, नमुना. मी एसटी सोडून दिली.

रखवालदाराच्या खोलीतल्या फायलींना धूळ होती, कारण त्या कुणी मागायचंच नाही. बिलं वाहतूक खात्यात जात, काट्याच्या पावत्या फाटकावर राहत, आणि दोन्हींमधलं अंतर चालून जायला तीन मिनिटं लागतात. मी जमिनीवर बसून जोड्या लावायला सुरुवात केली. काटा म्हणतो पंधरा हजार नऊशे चाळीस किलो, बिल म्हणतं सतरा हजार दोनशे पंधरा. काटा दोन हजार तीनशे पन्नास, बिल दोन हजार पाचशे अडतीस. काटा सहाशे चाळीस, बिल सहाशे एक्क्याण्णव. गणनयंत्रावर भागून बघितलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच: एक पूर्णांक आठ शतांश. शेकडा आठ, नेमानं, लहान टेम्पोलाही आणि मोठ्या गाडीलाही. भाडं वजनावर, म्हणून भाडंही नेमानं आठ टक्के जास्त.

त्या फायलींत बसल्या बसल्या मला रुपये आणि डॉलर आठवले. रकमांना कशानंही गुणा, पायरी हलत नाही. नऊ हजार तीनशेला शेकडा आठ चढवले की दहा हजार चव्वेचाळीस होतात. नऊच्या घरातला माणूस एकच्या घरात गेला. पण तेवढ्यात आठच्या घरातले काही नऊच्या घरात आले, एकच्या घरातले काही दोनच्या. सगळे थोडे थोडे पुढे सरकले आणि प्रत्येक घरात माणसं होती तेवढीच राहिली. मनानं आकडा रचणारा या नियमाला सापडतो. गुणाकार करणारा सापडत नाही. वाहतूक साहेबांनी आणि कंत्राटदारानं दोन वर्षांत मनानं एकही आकडा रचलेला नव्हता, तिथंच त्यांची शिस्त होती. आणि मी त्या शिस्तीचं भर बैठकीत कौतुक करून पेढे खाल्ले होते.

दुसरी बैठक पहिलीइतकी रंगली नाही. मी तक्ता दाखवलाच नाही. शंभर पावत्या आणि शंभर बिलं टेबलावर जोडीजोडीनं मांडली. वाहतूक साहेबांनी तीन-चार जोड्या बघितल्या आणि पाणी मागितलं. तेवढंच.

पुढं जे झालं ते असं. वाहतूक साहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. पोलिसांत गेलं तर गिऱ्हाइकांना कळेल म्हणून मालक गेले नाहीत. कंत्राटदाराच्या पुढच्या बिलांतून पैसे कापून घेतले, आणि कापून घेता यावेत म्हणून त्याचं कंत्राट चालू ठेवलं. साहेबांना निरोपसमारंभ झाला, शाल आणि श्रीफळ. सुभेदारांना सहीचा अधिकार परत मिळाला, आणि सोबत एक पत्रही: बिलं फोडून सहीच्या मर्यादेचा भंग केल्याबद्दल लेखी ताकीद. मी पुण्याच्या साहेबांना फोन करून म्हणाले, चोर यांनीच दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, दोन वेगळे विषय आहेत." फाईल वेगळी असल्यामुळे त्यांचं बरोबरच होतं.

मालकांना मात्र तक्त्यांचं वेड लागलं. त्यांनी मनुष्यबळ खात्याला सांगून सगळ्यांच्या पगारांचा तक्ता करवला आणि मला फोन केला, "मॅडम, भानगड आहे. सगळे पगार एकनं आणि दोननं सुरू होतायत." मी म्हटलं, साहेब, पगार तुम्हीच ठरवलेत. मग उपाहारगृह झालं, तिथं एका ताटाची किंमत ठरलेली, एकच खांब. प्रत्येक वेळी मी समजावलं की हा नियम बोट दाखवतो, निकाल देत नाही. ठरलेल्या दराला, थोड्या आकड्यांना, मर्यादा घातलेल्या रकमांना तो लागत नाही. नोंदच न झालेलं बिल त्याला दिसत नाही. आणि गुणाकार तर मुळीच नाही. मालक ऐकून घेत आणि म्हणत, "पण आपला चोर त्यानंच पकडला ना?"

हे म्हणणं इतकं पसरलं की सांगलीत लेखापालांच्या मंडळानं माझं व्याख्यान ठेवलं. विषय त्यांनीच ठरवून छापला होता: अंकांच्या साह्यानं अपहार उघडकीस. मी उभी राहिले आणि घडलं ते घडलं तसं सांगितलं. सुभेदार, मोटार, काटा, सगळं. लोक खूप हसले. शेवटी एका तरुण लेखापालानं उठून विचारलं, "मॅडम, तो तक्ता करायचं सॉफ्टवेअर कुठलं?"

सुभेदारांकडे मी एकदा त्यांच्या गावी गेले. औंधला यमाईच्या दर्शनाला गेले होते, तिथून पुढं तासाभराची वाट. त्यांचा भाऊ अंगणात बसला होता. मी माझी ओळख करून दिली आणि उभ्यानंच सांगितलं, "तुमच्या भावावर आळ मी घेतला होता. तो खोटा होता. यांनी एक रुपया खाल्लेला नाही." भावानं माझ्याकडे बघितलं, मग सुभेदारांकडे, आणि म्हणाला, "आमाला ठावं हुतं की. खायाची अक्कल आसती तर घराला स्लॅब नसता का पडला?" सुभेदार खो खो हसले. बाजरीची भाकरी, ठेचा आणि ताक झालं. माझ्या माफीवर पुन्हा कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर पुण्याच्या कचेरीनं एक सुधारणा केली. देखभाल खात्याचा सहीचा अधिकार पाच हजारांवरून दहा हजार केला. पुढच्या वर्षी मी सवयीनं तक्ता मांडला. अठ्ठेचाळीसचा सुळका गायब होता. त्याऐवजी सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णववर नवा उभा होता, आधीच्यापेक्षा थोडा बुटका.

मी स्टोअरमध्ये गेले. सुभेदारांनी वही सरकवली. मी यादी घेऊन कारखाना फिरले, एकेका यंत्रावरचा रंगाचा नंबर वाचला, आणि अहवालात एका ओळीत लिहिलं की वस्तू जागेवर आहेत, मंजुरी मात्र पुण्याहून अजूनही आठ दिवसांनीच येते. ती ओळ सरांनी अंतिम अहवालातून काढली. म्हणाले, गिऱ्हाईक दुखावेल.